मे अखेरची नऊशे पोती

सिंधुदुर्गात काजू बीचा हंगाम साधारण मार्चमध्ये सुरू होतो आणि पाऊस लागायच्या आत आटोपतो. या दोन-अडीच महिन्यांत जी बी गोदामात येते, त्यावर प्रक्रिया कारखान्याचं पुढचं वर्ष अवलंबून असतं. काजूगराला खरी मागणी मात्र गणपतीपासून दिवाळीपर्यंत. म्हणजे पैसा एप्रिल-मेमध्ये बाहेर जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत येतो. मधली दरी बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यानं, व्यवहारातल्या भाषेत 'सीसी'नं, भरून काढायची असते. ती मर्यादा अपुरी पडू लागली की कारखानदार बँकेला वाढीव मर्यादेचं टिपण देतो. त्याला जोडून अंदाजित विक्री आणि साठ्याचे आकडे द्यावे लागतात. बरीच टिपणं याच आकड्यांपाशी अडतात, आणि धंदा खरा असूनही अडतात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. कारखाना मध्यम आकाराचा आहे. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, पण त्यांची घडण अशा कारखान्याच्या वहीत दिसते तशीच आहे. सध्या वर्षाला 120 टन बी फोडली जाते. चार किलो बीला एक किलो गर धरला तर 30 टन गर होतो. अखंड गर, पाकळी आणि तुकडा मिळून सरासरी 680 रुपये किलोनं तो विकला की उलाढाल 2 कोटी 4 लाख रुपये होते. सीसीची मर्यादा 40 लाख आहे. पुढच्या वर्षी 150 टन बी फोडायची आहे. त्यातून साडेसदतीस टन गर आणि 2 कोटी 55 लाखांची विक्री अपेक्षित आहे.

इथे बँकेचा नेहमीचा हिशेब अगदी सोपा आहे. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या पी. आर. नायक समितीनं 1992 साली लघुउद्योगांसाठी एक पद्धत सुचवली, आणि ती आजही शाखाशाखांतून वापरली जाते. अंदाजित वार्षिक विक्रीच्या 25 टक्के इतकं खेळतं भांडवल लागेल असं धरायचं. त्यातले 5 टक्के मालकानं आणायचे आणि किमान 20 टक्के बँकेनं द्यायचे. 2 कोटी 55 लाखांचे 20 टक्के म्हणजे 51 लाख. टिपणात नुसती विक्री दाखवली तर शाखाधिकारी 40 लाखांवरून 51 लाखांपर्यंत जाईल आणि फाईल बंद करेल.

पण या 25 टक्क्यांत एक गृहीतक दडलेलं आहे. वर्षाच्या विक्रीचा चौथा हिस्सा म्हणजे तीन महिन्यांची विक्री. पैसा मालात गेल्यापासून गिऱ्हाइकाकडून परत येईपर्यंत तीन महिने लागतात, असं ही पद्धत मानते. नटबोल्ट किंवा फरसाण करणाऱ्याला ते चालून जाईल. एप्रिलमध्ये घेतलेली बी सप्टेंबरमध्ये फोडणाऱ्याला चालत नाही. नायक पद्धतीचा आकडा किमान आहे, कमाल नाही. ज्याचं चक्र लांब आहे त्यानं ते महिनावार आकड्यांनी दाखवलं, तर बँकेला जास्त मर्यादा देता येते. म्हणूनच काजू कारखान्याच्या टिपणात विक्रीच्या आकड्यापेक्षा साठ्याचा तक्ता जास्त वजनाचा असतो.

अडचण अशी की बँकेसमोर ताळेबंद असतो तो 31 मार्चचा. हंगाम नुकता कुठे सुरू झालेला. या कारखान्यानं मार्चमध्ये 15 टन बी घेतली आणि 10 टन फोडली, तर ताळेबंदात 5 टन म्हणजे 6 लाखांची बी दिसते. गराचे काही लाख धरूनही साठा किरकोळच वाटतो. तो पाहून कोणालाही प्रश्न पडेल की एवढ्याशा साठ्यासाठी मर्यादा वाढवायची कशाला? शाखाधिकाऱ्याला धंदा कळत नाही असं यात काही नाही. त्याला वर्षातला सगळ्यात रिकामा दिवस दाखवलेला असतो.

तेव्हा साठा दर महिन्याच्या अखेरीस किती असेल, हे टिपणात मांडायला हवं. 120 रुपये किलो भाव धरू, म्हणजे टनाला 1 लाख 20 हजार. दरमहा साडेबारा टन बी फोडायची आहे. हंगामात 110 टन घ्यायची: मार्चमध्ये 20, एप्रिलमध्ये 50 आणि मेमध्ये 40. उरलेली 40 टन नोव्हेंबर ते जानेवारीत व्यापाऱ्यांकडून. मार्चअखेर गोदामात साडेसात टन उरते, एप्रिलअखेर 45 आणि मेअखेर साडेबहात्तर टन. तिथून दर महिन्याला साडेबारा टन उतरत जून 60, जुलै साडेसत्तेचाळीस, ऑगस्ट 35, सप्टेंबर साडेबावीस आणि ऑक्टोबरअखेर 10. मार्चअखेरचा साठा 9 लाखांचा आहे आणि मेअखेरचा 87 लाखांचा. एकाच कारखान्याचे, दोन महिन्यांच्या अंतरानं घेतलेले हे दोन आकडे शेजारी ठेवले की मर्यादा कशासाठी हवी हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता मागणीचा आकडा. बँक पूर्ण साठ्यावर पैसे देत नाही. साठ्याची किंमत घेते, त्यातून माल पुरवणाऱ्यांची देणी वजा करते आणि उरलेल्यावर मार्जिन कापते. अशा रीतीनं प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेला बँकेत 'ड्रॉइंग पॉवर' म्हणतात. मर्यादा कितीही मंजूर असो, उचल या दोहोंपैकी जी रक्कम कमी तिच्याइतकीच. मेअखेर बी 87 लाखांची, प्रक्रियेतला आणि तयार गर 9 लाखांचा, एकूण 96 लाख. शेतकऱ्याला रोखीनं पैसे जात असल्यानं देणी फक्त 4 लाखांची. उरले 92 लाख. त्यावर 25 टक्के मार्जिन गेलं की 69 लाख. गिऱ्हाइकांकडची 20 लाखांची उधारी, त्यावर 40 टक्के मार्जिन कापून 12 लाख. बेरीज 81 लाख. (मार्जिनचे टक्के बँकेगणिक बदलतात. टिपण लिहिण्यापूर्वी आपल्या मंजुरीपत्रात ते पाहून घ्यावेत.)

हाच हिशेब ऑक्टोबरअखेर केला तर चित्र पार बदलतं. बी 12 लाखांची, गर 12 लाखांचा, दिवाळीची उधारी 30 लाखांची. ड्रॉइंग पॉवर येते 33 लाख. मग वर्षभरासाठी 80 लाखांची मर्यादा मागण्यात अर्थ नाही. हंगामी उद्योगांना वर्षातल्या चढाच्या आणि उताराच्या काळासाठी दोन वेगळ्या मर्यादा मागता येतात, आणि या कारखान्यानं तेच करायला हवं: एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत 80 लाख, उरलेल्या काळात 50 लाख. अशी मागणी आली की समोरच्या अधिकाऱ्याला दोन गोष्टी कळतात. मागणाऱ्याला स्वतःच्या धंद्याची चढउतार माहीत आहे, आणि वाढीव 30 लाख परत कधी येणार याची तारीख त्यानं स्वतःच दिली आहे.

टिपणाचा मुख्य परिच्छेद मग साधारण असा होतो: "आमची सध्याची 40 लाखांची मर्यादा 120 टन प्रक्रियेसाठी होती. हंगामात आम्ही 60 टन बी घेऊ शकतो. ती ऑगस्टअखेर संपते आणि उरलेली 60 टन व्यापाऱ्यांकडून चढ्या भावानं घ्यावी लागते. पुढील वर्षी 150 टन प्रक्रियेसाठी हंगामात 110 टन खरेदी करण्याचं नियोजन आहे. महिनावार साठ्याचा तक्ता सोबत जोडला आहे. मेअखेर साठा 96 लाख व ड्रॉइंग पॉवर 81 लाख राहील. 15 एप्रिल ते 31 ऑगस्ट या काळासाठी 80 लाख व इतर काळासाठी 50 लाख मर्यादा मंजूर व्हावी." एवढं पुरे. कारखान्याचा इतिहास आणि काजूचे गुणधर्म यांना इथे जागा नको.

यातलं सगळ्यात बोलकं वाक्य चढ्या भावाचं आहे. मर्यादावाढीमुळे धंद्याला नेमकं काय मिळणार, हे त्या एका वाक्यात आहे, आणि ते आकड्यात सिद्ध करता येतं. कारखान्याच्या गेल्या तीन वर्षांच्या खरेदी बिलांवरून हंगामातला भाव आणि पावसाळ्यानंतरचा भाव यांतला फरक किलोमागे 12, 18 आणि 15 रुपये निघाला असं समजू. सरासरी 15. जुन्याच मर्यादेत राहून 150 टन फोडायची तर 90 टन हंगामाबाहेर घ्यावी लागली असती. आता 40 टन. म्हणजे 50 टनांवर किलोमागे 15 रुपये, एकूण साडेसात लाख रुपये वाचतात.

खर्चाची बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. वाढीव 40 लाख पाचही महिने पूर्ण वापरले असं धरून साडेदहा टक्क्यांनी व्याज 1 लाख 75 हजार होतं. साठवणीत बी सुकून दोन टक्के वजन घटलं तर 50 टनांत एक टन, म्हणजे 1 लाख 20 हजार गेले. जादा गोदामाचं भाडं 60 हजार धरू. सगळं मिळून 3 लाख 55 हजार. पन्नास हजार किलोवर भागलं तर किलोमागे सात रुपयांच्या आसपास. पावसाळ्यानंतर भाव सात रुपयांहून कमी चढला, तर हंगामात भरून ठेवण्यात फायदा नाही. तीन वर्षांतला सगळ्यात कमी फरक 12 होता. टिपणात हा सातचा आकडा फारसं कोणी देत नाही. तो द्यावा, कारण धोका कुठून सुरू होतो हे कर्ज मागणारा स्वतः सांगतो तेव्हा त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

आणि धोका खरा आहे. काजू बी आफ्रिकेतूनही येते. आयात स्वस्त झाली की इथला भाव घसरतो. जूनअखेर 60 टन बी गोदामात असताना भाव 120 वरून 105 वर आला, तर साठ्याची किंमत 9 लाखांनी कमी होते, कारण बँक खरेदीचा भाव आणि बाजारभाव यांतला कमी असेल तो धरते. ड्रॉइंग पॉवर पावणेसात लाखांनी उतरते आणि तेवढे पैसे खात्यात भरण्याची वेळ येऊ शकते. त्यासाठी मालकाकडे हाताशी काही असलं पाहिजे.

मालकाचे स्वतःचे पैसे किती, हा प्रश्न बँक इथेच विचारते. मेअखेर साठा 96 लाख आणि उधारी 20 लाख, म्हणजे 1 कोटी 16 लाख धंद्यात फिरत असतील. त्यातले 4 लाख पुरवठादारांचे आणि 80 लाख बँकेचे. उरलेले 32 लाख मालकाचे हवेत. प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 1975 च्या अहवालात घालून दिलेल्या दुसऱ्या पद्धतीप्रमाणे एकूण चालू मालमत्तेच्या किमान पाव हिस्सा दीर्घ मुदतीच्या पैशातून यायला हवा. इथे तो 29 लाख होतो, तेव्हा 32 लाख पुरेसे आहेत. पण ते ताळेबंदात दिसले पाहिजेत. भांडवल आणि मुदत कर्ज यांच्या बेरजेतून इमारत-यंत्रं वजा केली की जे उरतं, ते हे पैसे. गेल्या वर्षी सीसीतूनच नवा बॉयलर घेतला असेल तर हा आकडा आटलेला असतो. मालाचे पैसे यंत्रात अडकले हे सीएनं बनवलेल्या तक्त्यात अधिकाऱ्याला दोन मिनिटांत दिसतं. अशा वेळी बॉयलरसाठी मुदत कर्ज वेगळं मागून सीसी मोकळी करणं हाच सरळ मार्ग आहे.

मार्जिनबरोबर आणखी एक रोख गरज हमखास विसरली जाते. शेतकऱ्याकडून सोललेली नसलेली काजू बी घेतली की जीएसटी खरेदीदारानं भरायचा असतो, 5 टक्के, आणि तो रोखीनं. एप्रिलमध्ये 60 लाखांची बी घेतली तर 3 लाख रुपये पुढच्या महिन्यात खात्यातून जातात. त्याचं क्रेडिट मिळतं खरं, पण ते वापरलं जातं गर विकला जाईल तसतसं. हे 3 लाख साठ्यातही दिसत नाहीत आणि त्यावर ड्रॉइंग पॉवरही मिळत नाही. टिपणातल्या रोख प्रवाहात त्यांची वेगळी ओळ हवी, नाहीतर मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन खरेदीत, ओढाताण होते.

विक्रीच्या अंदाजाची तपासणी बँक तीन ठिकाणी करते. जीएसटी विवरणपत्रांतली विक्री, सीसी खात्यात जमा झालेली रक्कम आणि लेखापरीक्षित ताळेबंद यांचा एकमेकांशी मेळ बसतो का, हे पाहिलं जातं. 2 कोटी 4 लाखांची विक्री सांगणाऱ्याच्या खात्यात सव्वा कोटीच जमा होत असेल, तर बाकीचा पैसा दुसऱ्या बँकेतल्या खात्यात फिरतो आहे असा अर्थ निघतो आणि चर्चा तिथेच थांबते. पुढच्या वर्षीची 25 टक्के वाढ कशी होणार हेही नुसतं लिहून चालत नाही. महिन्याचे 25 दिवस धरले तर आज रोज 400 किलो बी फुटते, उद्या 500 किलो फोडावी लागेल. बी उकडण्याचा कुकर, कटिंगची टेबलं, गर सुकवायचा बोरमा आणि साल काढून प्रतवारी करणाऱ्या बायका, यांपैकी कशाची मर्यादा आधी लागते? तिथे काय वाढवलं आहे? कोणत्या गिऱ्हाइकानं जादा माल घ्यायचं लेखी दिलं आहे? या तीन प्रश्नांची तीन वाक्यांत दिलेली उत्तरं पानभर आशावादापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मंजुरीनंतर खरी परीक्षा गोदामात होते. बीचं पोतं 80 किलोचं धरलं तर साडेबहात्तर टन म्हणजे सुमारे 900 पोती. तपासणीला आलेला अधिकारी थप्प्या मोजतो: लांबीत किती, रुंदीत किती, उंचीत किती. एखादं पोतं काट्यावर चढवायला सांगतो, दुसऱ्याचं तोंड उसवून मूठभर बी बाहेर काढतो. नीट न सुकवलेली बी ओलसर लागते, बुरशीचा वास येतो, फोडली तर गर काळपट निघतो. तो माल कागदावर 120 रुपयांचा असला तरी गोदामात नसतो. मग तो वहीकडे वळतो. महिन्यात साडेबारा टन बी कमी झाली असेल, तर तीन टनांहून थोडा जास्त गर विक्रीत किंवा शिल्लकेत सापडलाच पाहिजे. स्टॉक स्टेटमेंटमध्ये बीचा आकडा उतरत नाही, पण विक्री मात्र चालूच आहे, असं दिसलं की साठा फुगवला असल्याची शंका घ्यायला तेवढं पुरतं.

स्टेटमेंट वेळेवर देण्याला हंगामात वेगळंच महत्त्व येतं. ड्रॉइंग पॉवर माल आल्यावर तयार होते, आणि माल आणायला आधी पैसे लागतात. 25 लाखांची बी स्वतःच्या पैशातून घेतली की त्यावर पावणेएकोणीस लाख उचलता येतात. त्यातून पुढची खरेदी, त्यावर पुन्हा उचल. महिन्यातून एकदाच स्टेटमेंट दिलं तर हे चाक महिन्यातून एकदाच फिरेल आणि तोवर हंगाम सरेल. म्हणून एप्रिल-मेपुरतं दर आठवड्याला स्टेटमेंट देऊन ड्रॉइंग पॉवर बदलून घेण्याची परवानगी टिपणातच मागून ठेवावी. उलट बाजूही ध्यानात असावी. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर काढलेली ड्रॉइंग पॉवर ग्राह्य धरली जात नाही. खातं अशा अनियमित स्थितीत किंवा मर्यादेबाहेर सलग 90 दिवस राहिलं, तर ते थकीत कर्जात जमा होतं. 900 पोत्यांचा आगीचा विमाही मेअखेरच्या किमतीचा हवा, 31 मार्चच्या नव्हे.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीत बँकेत पोचायला हवं. डिसेंबरपर्यंतची जीएसटीची आकडेवारी हाताशी असते, दिवाळीची विक्री झालेली असते, आणि फाईल शाखेतून वरच्या कार्यालयात जाऊन परत यायला वेळ मिळतो. एप्रिलमध्ये अर्ज दिला तर मंजुरी येते तेव्हा बागा रिकाम्या झालेल्या असतात.

बँक मागितलेलं सगळं देईलच असं नाही. चढाच्या काळासाठी 80 ऐवजी 65 लाख मंजूर झाले, तर तक्ता पुन्हा मांडावा लागतो. 15 लाख कमी म्हणजे 25 टक्के मार्जिनच्या हिशेबानं 20 लाखांचा माल कमी, साधारण 17 टन. हंगामातली खरेदी 110 वरून 93 टनांवर येते आणि व्यापाऱ्यांकडून 40 ऐवजी 57 टन घ्यावी लागते. साठा ऑक्टोबरअखेरपर्यंत पुरत नाही, सप्टेंबरच्या अखेरीसच जवळजवळ संपतो. त्या 17 टनांवर 15 रुपयांनी अडीच लाखांचा जादा खर्च येईल, त्यातून वाचलेलं व्याज, घट आणि भाडं किलोमागे सात रुपयांनी वजा केलं तर निव्वळ फटका सव्वा लाखाच्या पुढे. हा सुधारलेला तक्ता मंजुरीपत्र स्वीकारतानाच बँकेला द्यावा. पुढच्या जानेवारीत उरलेल्या 15 लाखांची मागणी करताना त्यातले अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारीशेजारी दाखवता येतात.